आई-अप्पांशी बोलायचे राहून जाते ते

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत हज़रतगंज येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा रुळांविषयी किंवा पुलांविषयी काहीतरी असावी. मी विषय सांगितल्यावर सचिवांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाप्पासमोर हा विषय?" मी म्हटले, बाप्पा आपले ऐकून घेतो म्हणूनच. तरी पुढच्या रांगेतील ज्येष्ठांना आधीच सांगतो, की हे भाषण तुमच्यासाठी नसून तुमच्या मागे बसलेल्या तुमच्या मुलांसाठी आहे. अर्थात तुम्ही ऐकलेत तर मला आवडेल.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, पी-वेचा माणूस. आई-वडील भुसावळला, मी गेली सोळा वर्षे लखनौला. पुष्पकने संध्याकाळी निघालो तर दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळ. इथल्या बहुतेकांची गोष्ट अशीच आहे, फक्त स्टेशनचे नाव वेगळे. फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी म्हणते "डॉक्टर विचारतायत, काय करायचं?" आणि आपण हजार किलोमीटरवर मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून उत्तर शोधत असतो.

आमच्या घरी हा फोन २०१९ साली आला. माझे थोरले काका, वय एक्याऐंशी. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. एका शहरातील खासगी रुग्णालयात नेले, तिथे लगेच व्हेंटिलेटर लावला. तो लावणे चूक होते असे मी म्हणत नाही. पहिल्या तासात कोणालाच काही माहीत नसते. अडचण चौथ्या दिवसापासून सुरू झाली. शुद्ध येण्याची आशा जवळपास नाही असे डॉक्टर सांगू लागले, आणि दोन चुलतभावांत दोन तट पडले. धाकटा म्हणे, "बाबांना असं पडून राहायचं नव्हतं." थोरला म्हणे, "तुला कसं माहीत? तू मशीन काढायला सांगशील, लोक मला विचारतील." ही भांडणे अतिदक्षता विभागाच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, इतर नातेवाइकांच्या देखत झाली. कायद्याची त्या वेळची वाट इतकी किचकट होती की रुग्णालयही हात लावायला तयार नव्हते. सतराव्या दिवशी काका गेले. काकूंना त्या सतरा दिवसांत दिवसातून दहा-दहा मिनिटे आत सोडत होते.

तेराव्यानंतर काकू माझ्या आईला म्हणाल्या, "हे मला एकदा बोलले होते की मला नळ्यांत अडकवू नका. पण मला कोणी विचारलंच नाही."

दोन मुलगे, एक सून डॉक्टरीणबाईंच्या नात्यातली, मी पुतण्या म्हणून फोनवर शहाणपणा शिकवत होतो, आणि ज्या बाईला उत्तर ठाऊक होते ती कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती.

आपल्या महाराष्ट्राने हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यानंतर त्या जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात एका खोलीत होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांचे अन्न देणे थांबवण्याची परवानगी मागितली. केईएमच्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी विरोध केला, कारण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवले होते, स्वच्छ ठेवले होते. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली आणि सांगितले की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची सेवा करणाऱ्यांचा आहे. त्याच निकालात असेही म्हटले, की काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

हा निकाल आपण बहुतेकांनी "इच्छामरणाचा खटला" म्हणून वाचला. मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. दोन्ही बाजू मनापासून अरुणाच्या भल्याचे बोलत होत्या, पण खुद्द अरुणाला काय हवे होते, हे सांगणारा एक कागद, एक वाक्यदेखील कोणापाशी नव्हते. हल्ला झाला तेव्हा ती तरुण मुलगी होती, तिला कोण विचारणार? आपल्या आई-वडिलांच्या बाबतीत मात्र आपल्याला विचारायला वर्षे मिळालेली असतात.

आता मी ते कसे विचारले ते सांगतो. आधी चुकीची पद्धत, कारण तीच मी आधी वापरली.

२०२१ ची दिवाळी. सगळे घरी. मी एका छापील यादीत प्रश्न लिहून नेले होते, अगदी तपासणीच्या रजिस्टरसारखे. भाऊबीजेला जेवणे झाल्यावर मी सरळ सुरुवात केली, "अप्पा, उद्या तुम्हाला काही झालं तर व्हेंटिलेटर लावायचा का?" आई पानातून उठली. बहीण रडायला लागली. "सणासुदीचं अशुभ बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो," असे आत्याने सुनावले. अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "माझा कुठला रिपोर्ट आलाय का? खरं सांग." त्यांना वाटले, मला त्यांच्या एखाद्या आजाराचे कळले आहे आणि मी लपवतो आहे. पुढचे दोन महिने ते फोनवर अधूनमधून तेच विचारत राहिले.

माझ्या किती चुका झाल्या पाहा. सगळ्यांसमोर विचारले, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याला दाखवण्यासाठी बोलू लागला. आई आणि अप्पांना एकत्र धरले, जणू दोघांचे उत्तर एकच असणार. आणि सुरुवात यंत्रापासून केली. ज्या माणसाने व्हेंटिलेटर फक्त मालिकेत पाहिला आहे, त्याला तो हवा की नको हे विचारणे म्हणजे गाडीचा मार्ग न सांगता तिकीट काढायला लावणे.

दुसऱ्यांदा मी त्यांचा विषय काढलाच नाही, काकांचा काढला. २०२२ च्या मे महिन्यात भुसावळचा उन्हाळा, रात्री लाइट गेलेली, आम्ही दोघे ओट्यावर. मी म्हटले, "अप्पा, काकांच्या वेळी तुम्हाला काय वाटत होतं?" बस्स. मग मी गप्प बसलो. हे गप्प बसणे फार कठीण असते, विशेषतः आमच्यासारख्या लोकांना, ज्यांना पाच मिनिटांत फॉल्ट शोधायची सवय असते. पाचेक मिनिटे ते पंखा हलवत राहिले. मग विनोबांविषयी बोलू लागले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले, १५ तारखेला ते गेले. अप्पा तेव्हा गार्ड होते, गाडीत लोक रोज तेवढेच बोलत असत. अप्पा म्हणाले, "ते ऋषी होते. मला तेवढं जमायचं नाही. मला जगायला आवडतं." आणि झोपायला गेले.

त्या रात्री एवढेच झाले, आणि ते पुष्कळ होते. मला एक पक्की गोष्ट कळली होती. माझी समजूत होती की म्हातारी माणसे "आता काही नको, बास झालं" असेच म्हणणार. अप्पांना उपचार हवे होते.

पुढच्या खेपेला ते स्वतःच बोलले. त्यांची भाषा रेल्वेची. इथे बसलेल्या सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: रुळाचे काम करायचे तर आम्ही ट्रॅफिक ब्लॉक घेतो. म्हणजे ठराविक वेळ त्या मार्गावर गाडी येणार नाही. ब्लॉक मागतानाच किती तासांचा हवा ते लिहून द्यावे लागते आणि वेळ संपली की काम आवरून मार्ग मोकळा करावा लागतो. अप्पा म्हणाले, "मशीन लावा. पण ब्लॉकसारखं. आधी वेळ ठरवा. आठ दिवसांत मी सुधारतोय असं डॉक्टर म्हणाले तर चालू ठेवा. नाही तर मार्ग मोकळा करा."

मी हे नंतर आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितले तर ते चकित झाले. वैद्यकात अगदी हीच पद्धत आहे. उपचार सुरू करतानाच मुदत ठरवायची, काय दिसले तर सुधारणा मानायची हेही ठरवायचे, आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र बसायचे. हिचा मोठा फायदा असा, की "लावायचा की नाही" या हो-नाहीच्या कात्रीतून घरचे सुटतात. मुदत आजारानुसार काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत असू शकते, ती डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

"सुधारणा म्हणजे काय?" असे मी अप्पांना विचारले. हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. तुम्हाला कशा अवस्थेतले जगणे चालेल? त्यांचे उत्तर होते, "माणसं ओळखता आली पाहिजेत, आणि माझ्या पायांनी चालता आलं पाहिजे." हे मी लिहून घेतले. यातल्या दुसऱ्या अर्ध्याचे पुढे काय झाले ते सांगेन.

आईशी बोलणे वेगळे झाले. आईला समोरासमोर बसवले तर ती बोलत नसे, हाताला काम असले की बोलायची. त्याच वर्षी श्रावणात ती मेथी निवडत होती, मीही निवडायला बसलो. माझ्या आजीला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला होता, शेवटी तिला नाकातून नळी घालून भरवत आणि ती काढू नये म्हणून हात बांधत. आई म्हणाली, "मला नाकातनं नळी नको रे. आईचे हात बांधलेले मी बघितलेत." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मला त्या काचेच्या खोलीत एकटीला ठेवू नका." मग आणखी थोड्या वेळाने अगदी हळू, "पण पाणी तरी देतील ना?"

तिची भीती तहानेची होती. मरताना तहानेने तडफडावे लागेल असे तिला वाटत होते. हे तिने आजवर कोणाला विचारले नव्हते. मला उत्तर माहीत नव्हते, म्हणून मी तसे सांगितले आणि पुढच्या वेळी आमच्या फॅमिली डॉक्टरांना घरी चहाला बोलावले. त्यांनी तिला समजावले, की शेवटच्या दिवसांत शरीराची खाण्यापिण्याची मागणी आपोआप कमी होते, जो त्रास वाटतो तो बहुधा कोरड्या तोंडाचा असतो, आणि ओल्या कापसाने ओठ-जीभ वारंवार ओली केली, ओठांना तूप लावले की तो जातो. गिळता येत असेल तर चमच्याने पाणी कोणी थांबवत नाही. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही, हळूहळू हाताने भरवणेच बरे मानतात, हेही त्यांनीच सांगितले. आणि नळी नको, मशीन नको म्हणणाऱ्याचे वेदनाशमन थांबत नाही. दुखणे, धाप, अस्वस्थता यांवरचे औषध शेवटपर्यंत द्यायचेच असते, गरज पडली तर मॉर्फिनसुद्धा.

त्याच बैठकीत अप्पांनी छाती दाबून हृदय चालू करण्याविषयी विचारले. मालिकांत माणूस दोन मिनिटांत उठून बसतो. डॉक्टर म्हणाले, पाश्चात्य देशांतील रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर रुग्णालयातच हृदय थांबलेल्यांपैकी साधारण पाचांत एक जण घरी परततो, आणि वय, थकलेले शरीर, आधीचे आजार असतील तर त्याहून कमी. बरगड्या मोडणे नेहमीचे. अप्पा म्हणाले, "एकदा करा. दुसऱ्यांदा नको." ठीक आहे. उत्तर त्यांचे आहे, आपण फक्त ते समजून दिले जाते आहे ना एवढे पाहायचे.

आता कागदाविषयी, कारण भाषणाआधी तिघांनी मला तेच विचारले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात असा लेखी कागद, ज्याला लिव्हिंग विल किंवा वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात, तो ग्राह्य धरला. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, त्यामुळे फारसे कोणी तिकडे गेले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढली. आता सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने लिहावे, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर सही करावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ते साक्षांकित करावे. इथे हज़रतगंजात आमच्या मंडल कार्यालयांत राजपत्रित अधिकारी किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. साहेब, तुमच्याकडे उद्यापासून रांग लागली तर मला दोष देऊ नका.

कागदात मुख्यतः दोन गोष्टी हव्यात. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत किंवा थांबवावेत ते, आणि आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावे. एकापेक्षा जास्त नावे देता येतात. प्रत त्या व्यक्तींना आणि फॅमिली डॉक्टरांना द्यावी, आणि स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही ठेवायची असते. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती, आणि २०२४ मध्ये शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांत तशा नेमणुका केल्या. गोव्यात त्याच वर्षी मे महिन्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले, ते गोव्यातले पहिले. कार्यालयात गेल्यावर टेबलावरच्या माणसाला याची माहिती असेलच असे नाही. चिडू नये, प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

अप्पा-आईंनी २०२३ च्या डिसेंबरात भुसावळला नोटरीकडे कागद केले. साक्षीदार शेजारचे निवृत्त ड्रायव्हर आणि एक शिक्षिका. तिथे मला एक धक्का बसला. आपल्या वतीने बोलण्यासाठी अप्पांनी माझे नाव घातले नाही, बहिणीचे घातले. मी थोरला मुलगा. मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर आले असावे. परत येताना रिक्षात अप्पा म्हणाले, "तू हट्टी आहेस. तू शेवटपर्यंत मशीन चालू ठेवशील आणि त्याला प्रेम म्हणशील. ती रडेल, पण मी सांगितलेलं करेल." खरे सांगतो, मला ते पचायला वेळ लागला. आज वाटते, त्यांनी माणूस बरोबर ओळखला.

आणि या कागदाच्या मर्यादा. तो रुग्णवाहिकेत चालत नाही. तातडीच्या वेळी डॉक्टर आधी जीव वाचवायला धावणार आणि तेच योग्य आहे. माणूस शुद्धीवर असून बोलू शकत असेल तर कागदाला किंमत नाही, त्यालाच विचारायचे. कागद लागू होतो तो बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात, रुग्णाची निर्णयशक्ती गेल्यावर. तेव्हाही उपचार थांबवायला आधी रुग्णालयाचे एक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ, आणि मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो, अशा दोघांनी मान्यता द्यावी लागते. प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचे असते. मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून अंमल होतो. मंडळाने नाकारले तर उच्च न्यायालय. विष देऊन मरण आणणे हा यातला भाग नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे.

हे सगळे झाले तरी खरी परीक्षा कागदाबाहेरच होते. २०२४ च्या फेब्रुवारीत आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले, गुंगी, आणि गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, राईल्स ट्यूब घालावी लागेल. नाकातली नळी. आणि आईच्या कागदात पहिले वाक्यच "नाकातून नळी नको" असे होते.

बहिणीने फोन केला. मी इथे लोको शेडजवळ साइटवर. ती म्हणाली, "दादा, तिने नको म्हटलंय, पण डॉक्टर म्हणतात पक्षाघातात गिळणं बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत परत येतं. तोवर पोटात अन्न-औषध जायला हवं." आम्ही दोघांनी आईचे शब्द पुन्हा आठवले. मेथी निवडताना तिने नळी नको म्हटले ते का? तिला आजीसारखे कोणाला न ओळखता, हात बांधून, वर्षानुवर्षे पडून राहायचे नव्हते. दोन आठवड्यांच्या नळीविषयी ती बोललीच नव्हती. मी नुसते "काय नको" लिहून घेतले असते तर बहीण त्या दिवशी अडकली असती. "का नको" ठाऊक होते म्हणून तिला वाट सापडली. अप्पाच म्हणाले, "ब्लॉक घ्या. पंधरा दिवस. आणि हात बांधायचे नाहीत, कोणीतरी धरून बसेल." आम्ही पाळीपाळीने आईचा डावा हात धरून बसलो. रात्रपाळी माझी असे. अकराव्या दिवशी तिने चमचाभर घट्ट पेज गिळली. तेराव्या दिवशी नळी निघाली.

ती सात महिने जगली. अर्धवट बोलत असे, सगळ्यांना ओळखत असे. सप्टेंबरात तिला न्यूमोनिया झाला, जुलैतही एकदा होऊन गेला होता. रुग्णालयात जायचे का, असे बहिणीने आणि फॅमिली डॉक्टरांनी तिलाच दोनदा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा विचारले. दोन्ही वेळा तिने मान हलवून नाही म्हटले आणि घराच्या भिंतीकडे बोट केले. डॉक्टर रोज येत, धाप कमी करण्याचे औषध देत. अप्पा कापूस ओला करून तिचे ओठ पुसत. मी पुष्पकमध्ये होतो, इटारसीच्या पुढे, तेव्हा ती गेली. मला पोहोचायला काही तास उशीर झाला. त्याचे दुःख आहे. पण त्या प्रवासात मला "काय करायचं?" असा फोन आला नाही. बहिणीने फक्त "आई गेली, शांत गेली" एवढेच सांगितले.

अप्पांच्या त्या दुसऱ्या वाक्याचे सांगायचे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अप्पा न्हाणीघरात घसरले, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण चालणे पूर्वीसारखे झाले नाही. चाकाची खुर्ची आली. कागदात तर लिहिले होते, "माझ्या पायांनी चालता आलं पाहिजे." मी घाबरत विचारले, "अप्पा, आता?" ते शब्दकोडे सोडवत होते. म्हणाले, "तेव्हा मला खुर्चीतलं जगणं माहीत नव्हतं. नातू ढकलतो, पेपर वाचता येतो, चहा मिळतो. ती ओळ काढ." ओळ खोडून चालत नाही, आधीचे लेखी रद्द करून नवा कागद साक्षीदारांसमोर पुन्हा करावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत आम्ही तो केला आणि या वेळी नगरपालिकेत प्रत देऊन पोच घेतली. आता दरवर्षी दिवाळीनंतर, पाहुणे गेले की, मी त्यांना तो वाचून दाखवतो. गेल्या खेपेला त्यांनी ऐकता ऐकता डोळे मिटले, मला वाटले झोपले. मग म्हणाले, "छाती दाबायचं एकदा आहे ना, ते असू दे."

ज्यांना मसुदा हवा असेल त्यांच्यासाठी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी थांबतो आहे.

गणपती बाप्पा मोरया.